मावशींची वेळ बदलायची आहे? आधी त्यांचा महिना कधी भरतो ते बघ

‘पुढच्या महिन्यापासून’ एवढंच सांगू नकोस. तुझ्याकडे मावशी दहा तारखेला कामाला लागल्या, म्हणजे त्यांचा महिना दहाला भरतो. तू एक तारीख धरशील, त्या दहा. माझ्याकडे नेमकं हेच झालं आणि नऊ दिवस रोज सकाळी कुरबुर झाली.

सांगण्याआधी त्यांना विचार, कारण त्यांची दुसरी घरं, पाण्याची वेळ, मुलांची शाळा यांवर सगळं अवलंबून असतं. दारात चपला घालताना नको, बसवून बोल: “मावशी, एक तारखेपासून मला आठ ते साडेसहा लागेल. आत्ता नऊ ते सहा आहे. तुम्हाला जमेल का? घरी विचारून रविवारी सांगा.”

पगार त्याच वाक्याला जोडून सांग. नऊ तासांचे १३,५०० देतेस, म्हणजे रोजच्या एका तासाचे महिन्याला १,५००. दीड तास वाढला की २,२५० वाढवून १५,७५०. ‘बघू नंतर’ म्हटलंस की त्या मान हलवतील, पण पंधरा दिवसांत उशिरा येऊ लागतील. मान हलवणं म्हणजे होकार नव्हे, म्हणून “मग एक तारखेला किती वाजता येणार?” असं विचार आणि वेळ त्यांच्याच तोंडून ऐक.