वरच्या काकूंना काय लिहू?

«दहा वर्षांनी पुणं सोडतोय. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी आमच्यासाठी इतकं केलंय की नुसतं थँक यू म्हणायची लाज वाटते. पत्र लिहायला बसते, दोन ओळी होतात, रडू येतं आणि कागद फाडते. एवढे उपकार फेडायचे कसे? नवरा म्हणतो, एक चांगली पैठणी देऊ आणि मोकळे होऊ.»

शाळांना सुट्ट्या लागल्या की समुपदेशनासाठी येणाऱ्यांकडून माझ्याकडे हा प्रश्न यायला सुरुवात होते. बदल्या, नव्या नोकऱ्या, गावाकडचे आईवडील, कारण काहीही असो; टेम्पो ठरतो, खोकी भरली जातात आणि शेजारणीपाशी येऊन माणूस अडतो. यंदा हे वाक्य जिच्या तोंडून ऐकलं तिला आपण मीरा म्हणू. राहायला सहकारनगरात, भाड्याच्या तळमजल्यावरच्या घरात. मूळची परभणीची, आता निघाली नागपूरला.

ती पहिल्यांदा आली तेव्हा पर्समध्ये चुरगाळलेला कागद होता. मी तो मागून घेतला आणि तिला पेन दिलं. म्हटलं, यात जिथे जिथे ‘च’ आहे तिथे गोल कर. ‘तुमचे’, ‘आमच्या’ यांतला नव्हे, हट्टाचा ‘च’. तिने सात गोल केले. ‘तुमचे उपकार आम्ही फेडूच शकत नाही.’ ‘तुम्ही नसतात तर आमचं काही झालंच नसतं.’ ‘आम्ही काहीतरी करायलाच हवं होतं.’

मी ज्या विचारपद्धतीत शिकले ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची. माणसाला त्रास घटनेपेक्षा त्याच्या ‘झालंच पाहिजे’मुळे जास्त होतो, हे तिचं सार. इंग्रजीत ते सांगायला ‘मस्ट’ हा अख्खा शब्द लागतो, मराठीत एक अक्षर पुरतं. वीस-बावीस वर्षं मी लोकांच्या बोलण्यातला हा ‘च’ टिपत आले आहे, आणि तो सापडल्याचा आनंद मला अजून लपवता येत नाही.

“आता हे पत्र काकू होऊन वाच,” मी म्हटलं. “मोठ्याने.”

मीराने वाचलं, पण निम्म्यावर थांबली. “काकू म्हणतील, अगं मी काय सावकार आहे का?”

तिथे आमचं अर्धं काम झालं. फेडायची भाषा आली की देणारा सावकार होतो आणि घेणारा कुळ. काकूंनी खिचडी पाठवली तेव्हा त्यांच्या मनात वहीखातं नव्हतं. पत्रातून आपण ते त्यांच्या हातात ठेवतो. मग त्या बिचाऱ्या संकोचून “छे गं, मी काय केलं” म्हणतात आणि विषय मिटतो. पैठणीचंही तेच. बारा हजारांची साडी आली की काकू ओटी भरणार, मुलाच्या हातात पाकीट ठेवणार, तुम्ही नको नको म्हणणार, आणि निघायचा दिवस देण्याघेण्यात जाणार. भेट द्यायची तर इतकी साधी द्यावी की तिची परतफेड कुणाला सुचणार नाही.

दुसऱ्या खेपेला मी तिला पत्रातली वाक्यं मोजायला लावली. एकवीस वाक्यं होती आणि त्यांतल्या सोळांत कर्ता होता ‘आम्ही’, ‘मी’, नाहीतर ‘आमचा मुलगा’. आम्हाला आधार वाटला, आम्ही निश्चिंत झालो, आमची सोय झाली. सगळं खरं, पण काकू यात कुठे आहेत? मानसशास्त्रज्ञ सारा ॲल्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये नेमका हा फरक तपासला होता. आभार मानताना ‘मला काय मिळालं’ यापेक्षा ‘तू काय केलंस’ हे बोललं गेलं की ऐकणाऱ्याला माणूस जास्त जवळचा वाटतो. मला ते वाचून नवल वाटलं नव्हतं, पण बरं वाटलं होतं.

“एक रात्र सांग,” मी म्हटलं. “एकच.”

तिला विचार करावा लागला नाही. २५ सप्टेंबर २०१९. आंबिल ओढ्याला पूर आला ती रात्र. पार्किंगमधल्या दुचाक्या एकमेकींवर कलंडल्या होत्या, दिवे गेले होते आणि पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं. मी तिला फक्त विचारत गेले: काकू कुठे उभ्या होत्या? हातात काय होतं? काय म्हणाल्या? तिचं बोलणं मी तसंच उतरवून घेतलं आणि कागद तिला परत दिला. शेवटच्या पत्रात तो मजकूर असा गेला:

«तुम्ही जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होतात. एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हाताने साडी धरलेली. म्हणालात, ‘पोर आणि कागदपत्रं घे, बाकी राहू दे.’ मी गॅसचा सिलिंडर उचलायला वळले तर ओरडलात. त्याआधी आणि त्यानंतर तुम्ही माझ्यावर कधी ओरडला नाहीत. वर गेल्यावर चहा टाकण्याआधी तुम्ही छोट्याचे पाय टॉवेलने पुसलेत, बोटांच्या मधूनसुद्धा.»

बोटांच्या मधूनसुद्धा. ‘तुम्ही आम्हाला खूप मदत केलीत’ हे शंभर लोकांना लिहिता येतं. हे वाक्य या एकाच बाईला लिहिता येतं, आणि काकूंना कळतं की आपण केलेलं कुणीतरी पाहत होतं. म्हणून मी सगळ्यांना सांगते, प्रसंग तीनपेक्षा जास्त घेऊ नका. दहा वर्षांची यादी केलीत तर ती बिलासारखी दिसते. प्रत्येक प्रसंगात ती व्यक्ती काहीतरी करताना किंवा बोलताना दिसली पाहिजे. दिसत नसेल तर तो प्रसंग सोडा, कितीही मोठा असला तरी.

आता माझी चूक. पत्र चांगलं जमत होतं, तरी मीराचं रडणं थांबत नव्हतं. आभाराचं रडू असं नसतं, ते येतं आणि माणूस हलका होतो. ही मात्र दर वेळी आणखी दबलेली दिसे. तिसऱ्या भेटीत मी विचारलं, “काकूंना मदत लागली तेव्हा काय झालं होतं?”

ती बराच वेळ पर्सची चेन उघडत-लावत राहिली. मग म्हणाली, “काका गेले तेव्हा आम्ही परभणीला होतो.”

एप्रिल २०२१, दुसरी लाट. काकूंचा एकदा फोन आला होता, ऑक्सिमीटर कुठल्या कपाटात ठेवलाय ते विचारायला. मीराच्या घराची किल्ली त्यांच्याकडे असायची. मीराने सांगितलं. त्यानंतर काका गेल्याचं ग्रुपवर कळलं आणि तिने चार दिवस फोन केला नाही. काय बोलावं ते सुचलं नाही म्हणून. आल्यावर काकू नेहमीसारख्या वागल्या आणि तो विषय तसाच राहिला. मीराला ‘फेडलंच पाहिजे’ म्हणायला लावणारे खरं तर हे चार दिवस होते.

मी म्हटलं, हे पत्रात लिही. घाईच केली. पुढच्या वेळी ती चार पानं घेऊन आली आणि त्यांतली तीन माफीची होती. असं पत्र काकूंनी वाचलं असतं तर मीराचं सांत्वन त्यांना करावं लागलं असतं, तेही स्वतःच्या नवऱ्याच्या जाण्यावरून. कृतज्ञता आणि अपराधीपणा एका पाकिटात घालू नयेत, हे मला त्या दिवशी नीट उमगलं. अपराधीपणाचा आवाज मोठा असतो, तो कृतज्ञतेला बोलू देत नाही. आता मी दोन्ही वेगळे करायला सांगते: माफी तोंडाने आणि आधी, पत्र नंतर. माफी दोन वाक्यांची असावी आणि तिच्यात कारणं नसावीत.

मीरा वर गेली. म्हणाली, “काका गेले तेव्हा मी चार दिवस फोन केला नाही. चुकलं माझं.” काकू शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, “मला आठवतंय.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “तेव्हा कुणाशी बोलायची ताकद नव्हती गं मला. पण तुझ्या फोनची वाट पाहिली होती.” दोघी सोलत बसल्या.

काकू “छे, काहीतरीच काय” म्हणाल्या असत्या तर मीरा ते ओझं नागपूरला घेऊन गेली असती, असं मला वाटतं.

त्यानंतर पत्र एका बैठकीत झालं. उरल्या बारीकसारीक गोष्टी, पण लोक अडतात त्या यांवरच. मायना काय घालावा? ‘आदरणीय’ म्हटलं की सत्कार समारंभ वाटतो. ‘तीर्थरूप’ आपल्या आईवडिलांना, आणि आईच्या जागी मानलेल्या बाईला ‘तीर्थस्वरूप’, म्हणून ‘ती. स्व. काकूंना सा. न. वि. वि.’ त्या पिढीला तेवढ्यानेच नातं समजतं. काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून काळं पेन, मोठं अक्षर, ओळी सोडून. पाठपोट एक कागद. ‘दर आठवड्याला फोन करीन’ हे मी खोडायला लावलं. नव्या शहरात पहिले दोन महिने शाळा आणि गॅस कनेक्शनमध्ये जातात, मग न केलेल्या फोनांचा नवा हिशेब सुरू होतो. तिने त्याऐवजी लिहिलं, ‘दिवाळीत छोट्याला घेऊन दोन दिवस येते.’ ते जमण्यासारखं होतं.

आणि पत्र टेम्पोच्या दिवशी देऊ नये. त्या दिवशी जिन्यात हमाल असतात, कुणाला कुणाकडे बघायला फुरसत नसते, आणि वाचणाऱ्याला उत्तर द्यायला माणूस समोर राहत नाही. चार-पाच दिवस आधी द्यावं, देऊन खाली यावं. समोर बसून वाचायला लावू नये.

शब्द जमले नाहीत अशी भीती शेवटपर्यंत राहते. अमित कुमार आणि निकोलस एपली या संशोधकांनी २०१८ मध्ये आभाराची पत्रं लिहिणाऱ्यांना आणि ती मिळालेल्यांना वेगवेगळं विचारलं होतं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा वाचणाऱ्यांना संकोच कमी झाला होता आणि आनंद बराच जास्त. लिहिणारा भाषा तपासत बसतो, वाचणारा जिव्हाळा पाहतो. पण हे सगळ्यांच्या बाबतीत होतं असं नाही. काही माणसं पत्र घडी करून ठेवतात आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. ते त्यांचं उत्तर असतं, खोदून विचारू नये.

काकू त्यांतल्याच निघाल्या. मीराने आवराआवरीत तिच्याकडे राहिलेले त्यांचे तीन स्टीलचे डबे काढले, रिकामे कसे द्यायचे म्हणून त्यांत बेसनाचे लाडू भरले, आणि पत्र वरच्या डब्याखाली ठेवून देऊन आली. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी काकू स्वतः खाली उतरल्या, हातात एक डबा. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव मीरासमोर धरून म्हणाल्या, “हा माझा नाही. वाचता येत नाही का? पलीकडच्या बिल्डिंगमधल्या वहिनींचा आहे, तिला दे. लाडू मी काढून घेतलेत.”

पत्राबद्दल एक शब्द नाही. जाताना जिन्यातून मात्र म्हणाल्या, “छोट्याच्या पायाचं तुला आठवतंय अजून.”

मीराने जाण्याआधी मला पत्राची प्रत दाखवली. शेवटून दुसऱ्या ओळीत एक ‘च’ राहिला होता: ‘तुमच्यासारखे बेसनाचे लाडू मला जमतच नाहीत.’ तो मी राहू दिला.