हप्ता थकला माझा, फोन सासऱ्यांना का?

"ॲपवरून घेतलेल्या कर्जाचे दोन हप्ते थकलेत. वसुलीवाले सासऱ्यांना आणि ऑफिसात साहेबांना फोन करून वाटेल ते बोलतात. पैसे फिटेपर्यंत हे सोसायचंच का?"

नाही. चाकणच्या एका कारखान्यातले फिटर माझ्याकडे आले, तेव्हा त्यांचंही हेच चाललं होतं. त्यांनी तक्रार केली होती, पण ॲपच्या चॅटमध्ये. तिकडून 'दिलगीर आहोत' आलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. ॲप हा बहुतेकदा नुसता मध्यस्थ असतो. पैसे देणारी वित्त कंपनी वेगळी. तिचं नाव कर्जाच्या करारात सापडलं, तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल तिच्या वेबसाइटवर.

मग पुरावा. ज्यांना फोन आले, त्यांच्याच मोबाइलमधले स्क्रीनशॉट मागवले आणि तारीख, वेळ, नंबर, कोणाला, काय बोलले असा तक्ता केला. त्यातली एक ओळ: रात्री 8.40, सासरे, "जावयाला विका आणि पैसे भरा." रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचा फोन करता येत नाही. कर्जदाराच्या घरच्यांच्या आणि मित्रांच्या खाजगीपणात घुसणं, चारचौघांत अपमान करणं, यालाही मनाई आहे. शिवाय एजंट बाहेरचा असला तरी त्याच्या वागण्याला कंपनीच जबाबदार.

कंपनीला ईमेलने पाठवलेल्या पत्रात थकबाकी आम्ही सरळ मान्य केली, हप्ता कधी भरणार तेही लिहिलं. बुडवेगिरीचा आरोप तिथेच निकालात निघतो. कंपनीने माफी मागावी, असं म्हटलंच नाही. मागितलं ते असं: सासरे, साहेब आणि स्टोअरकीपर यांचे नंबर तुमच्या व एजन्सीच्या यादीतून काढा, यापुढे फक्त माझ्या नंबरवर संपर्क साधा, आणि हे केल्याचं लेखी कळवा.

पहिलं उत्तर आलं, "संबंधित प्रतिनिधीस समज देण्यात आली आहे." हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय! त्याचा उपयोग शून्य, कारण उद्या एजन्सी बदलली की तीच यादी नव्या माणसाकडे जाते. म्हणून तोच ईमेल धरून तिन्ही मुद्द्यांची वेगवेगळी उत्तरं मागितली. दुसऱ्या उत्तरात ती मिळाली. नंतर स्टोअरकीपरला नव्या नंबरवरून एक फोन आलाच. त्याचा स्क्रीनशॉट कंपनीच्याच लेखी हमीसोबत पाठवला, तेव्हा कुठे फोन थांबले.

30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. कंपनीला पाठवलेलं पत्र तिथे लागतंच. सासरे जामीनदार असतील तर मात्र कंपनी त्यांना फोन करू शकते, शिवीगाळ नाही. करारात नोंदणीकृत कंपनीचं नावच नसेल किंवा फोटोत फेरफार करून धमकावत असतील, तर थेट सायबर गुन्ह्यांच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा आणि पोलिसांत जा.

तक्रार चालू असताना व्याज थांबत नाही. फिटरभाऊ त्या काळात जमेल तेवढी रक्कम भरत राहिले, मात्र एजंटच्या यूपीआयवर नाही, कंपनीच्या कर्जखात्यातच.