बोअरचं गोड पाणी आणि विहिरीचं मचूळ पाणी: जमीन कोणतं बिघडवतं?

प्रश्न: साहेब, आमची खलाटी दाभोळ खाडीच्या काठाला आहे. भातानंतर १० गुंठ्यांत मिरची आणि वांगी करतो. विहिरीचं पाणी एप्रिलात मचूळ होतं, म्हणून तीन वर्षांपूर्वी बोअर मारली. बोअरचं पाणी गोड आहे, डाळ छान शिजते, साबणाला फेसही भरपूर. पण गेली दोन वर्षं जमीन वर पापुद्रा धरते आणि सुकली की खापरासारखी होते. दोन्ही पाण्यांची तपासणी केली. बोअरच्या कागदावर ‘एसएआर १० च्या आत, पाणी उत्तम’ असा शेरा आहे. मग जमीन का बिघडली? दोन्ही अहवालांचे फोटो पाठवतो.

उत्तर: तुमच्या प्रश्नातच निम्मं उत्तर आहे. साबणाला भरपूर फेस येतो याचा अर्थ त्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम फार कमी आहे. डाळ लवकर शिजते, कारण पाण्यात बायकार्बोनेट भरपूर आहे. घरात आपण चिमूटभर खाण्याचा सोडा घालतो तोच परिणाम. स्वयंपाकघराला हे पाणी उत्तम, पण खलाटीच्या चिकणमातीला नाही. मचूळ विहिरीने पीक करपेल, पण जमीन चोपण होणार नाही. गोड बोअरने उलट होतंय.

हे कागदावर कसं दिसतं ते पाहू. त्यासाठी दोन आकडे काढावे लागतात. सोडियम अधिशोषण गुणोत्तर, म्हणजे एसएआर, आणि अवशिष्ट सोडियम कार्बोनेट, म्हणजे आरएससी.

```
SAR = Na / √((Ca + Mg) / 2)
RSC = (CO3 + HCO3) − (Ca + Mg)
```

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. तुमच्या अहवालात आकडे मिलिग्रॅम प्रति लिटर आहेत. ते तसेच सूत्रात घातले तर उत्तर भलतंच येतं. आधी प्रत्येक आकडा मिलिइक्विव्हॅलंटमध्ये आणायचा. कॅल्शियमला २० ने, मॅग्नेशियमला १२.१५ ने, सोडियमला २३ ने, कार्बोनेटला ३० ने आणि बायकार्बोनेटला ६१ ने भागायचं.

बोअरचा अहवाल घेऊ. कॅल्शियम १४ मिलिग्रॅम, म्हणजे ०.७ मिलिइक्विव्हॅलंट. मॅग्नेशियम ९.७, म्हणजे ०.८. सोडियम १७२, म्हणजे ७.५. कार्बोनेट १२, म्हणजे ०.४, आणि बायकार्बोनेट ३४२, म्हणजे ५.६.

कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बेरीज १.५. तिची निम्मी ०.७५, तिचं वर्गमूळ ०.८७. सोडियम ७.५ ला त्याने भागलं की एसएआर येतो ८.७ च्या आसपास. शेरा मारणाऱ्याने एवढंच पाहिलं आणि १० च्या आत म्हणून ‘उत्तम’ लिहिलं. आता आरएससी काढा. कार्बोनेट आणि बायकार्बोनेट मिळून ६.०, त्यातून १.५ वजा केले की उरतात ४.५. आरएससी १.२५ च्या आत असेल तर पाणी निर्धोक धरतात, १.२५ ते २.५ मध्ये जपून वापरायचं आणि २.५ च्या वर गेलं की सिंचनाला अयोग्य. तुमचं पाणी ४.५ वर आहे.

एसएआर बरा आणि आरएससी वाईट, हे कसं? एसएआर सांगतो तो पाणी बोअरमधून निघताना सोडियम आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम यांचा तोल. तेच पाणी मातीत सुकायला लागलं की बायकार्बोनेट कॅल्शियमला धरतं आणि चुना होऊन खाली बसतं. मातीतल्या ओलाव्यात कॅल्शियम उरत नाही, सोडियम तसाच राहतो. म्हणजे मातीच्या कणापाशी पोचेपर्यंत एसएआर ८.७ राहिलेला नसतो, तो बराच चढलेला असतो. मी नोकरीत नवा असताना असाच एक नमुना आठवडाभर गाडीतच विसरलो होतो. बाटलीच्या तळाशी पांढरा थर बसला आणि अहवालात एसएआर उगाच जास्त आला. आरएससी मात्र बदलला नव्हता, कारण चुना बसताना कॅल्शियम आणि बायकार्बोनेट सारख्याच मापाने कमी होतात. जे त्या बाटलीत झालं तेच तुमच्या वाफ्यात दर पाण्याला होतंय.

आरएससीच्या सूत्रात एक कच्चा दुवा आहे, तोही सांगून ठेवतो. सगळं कॅल्शियम आणि सगळं मॅग्नेशियम चुन्यासारखं बसून जाईल असं ते धरून चालतं. मॅग्नेशियम प्रत्यक्षात तितक्या सहज बसत नाही. त्यामुळे आरएससी १.३ आला म्हणून घाबरायचं कारण नाही. पण ४.५ म्हणजे काठावरचा आकडा नव्हे.

आता विहीर, आकडे मिलिइक्विव्हॅलंटमध्ये आणून. कॅल्शियम ४.४, मॅग्नेशियम ६.०, सोडियम १३.०, बायकार्बोनेट ४.०, कार्बोनेट नाही. एसएआर येतो ५.७. आरएससी म्हणजे ४.० वजा १०.४, उणे ६.४. उणे आला की शून्यच समजा. या पाण्याने जमीन चोपण होण्याची भीती नाही. पण विद्युत वाहकता २.४ डेसिसायमन प्रति मीटर आणि क्लोराइड १७ मिलिइक्विव्हॅलंट, तेव्हा मिरचीच्या पानांच्या कडा करपणार हे ठरलेलं. शिवाय मॅग्नेशियम कॅल्शियमपेक्षा जास्त आहे. समुद्राच्या पाण्यात ते जवळजवळ पाचपट असतं. म्हणजे एप्रिलात खाडीचं पाणी तुमच्या विहिरीत पाझरतंय. उपसा जितका जास्त, तितका हा पाझर वाढेल.

एवढा पाऊस पडतो, सगळं धुऊन जाणार नाही का, असं तुमच्या मनात येईल. विहिरीच्या पाण्यातलं मीठ जातं, ते खरं आहे. मिठागरासारखं साठलेलं मीठसुद्धा कोकणातला जून-जुलै नेतो. पण चिकणमातीच्या कणाला चिकटलेला सोडियम नुसत्या पाण्याने सुटत नाही. त्याची जागा घ्यायला कॅल्शियम लागतं आणि पावसाच्या पाण्यात ते जवळजवळ नसतंच. उलट पावसाचं पाणी अगदी निर्मळ असल्याने सोडियम धरलेली माती त्यात विरघळल्यासारखी सुटते, बारीक कण भेगांत बसतात आणि सुकल्यावर ढेकूळ खापरासारखं होतं. म्हणून बोअरच्या पाण्याचं दुखणं उन्हाळ्यापेक्षा पहिल्या पावसानंतर जास्त दिसतं. तुमचं तसंच झालं असणार.

घरीच खात्री करायची असेल तर शेतातलं सुकं ढेकूळ, सुपारीएवढं, काचेच्या ग्लासात साठवलेल्या पावसाच्या किंवा बॅटरीत घालायच्या पाण्यात अलगद सोडा. हलवू नका. दोन तासांत ढेकळाभोवती दुधाळ गढूळपणा पसरला तर सोडियम आहे. नुसतं फुटून तळाशी ढीग झाला आणि पाणी स्वच्छ राहिलं तर नाही. ग्लासात विहिरीचं पाणी मात्र घेऊ नका. त्यातल्या क्षारांमुळे गढूळपणा दबतो आणि तुम्ही फसाल.

आता करायचं काय? बोअर बंद करा असं मी म्हणणार नाही. तुमच्याकडे दोन वाईट पाणी आहेत आणि दोघांचं वाईटपण वेगळं आहे. एकात कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी, दुसऱ्यात भरपूर. म्हणून दोन भाग बोअर आणि एक भाग विहीर असं टाकीत मिसळून पाहू. बायकार्बोनेट आणि कार्बोनेट होतं ५.३, कॅल्शियम-मॅग्नेशियम ४.५, म्हणजे आरएससी ०.९ च्या आसपास. एसएआर ६.२, विद्युत वाहकता १.४, क्लोराइड ७.४. आरएससी मर्यादेत आला आणि क्लोराइड निम्म्याहून खाली गेलं. हे पाणी उत्तम नाही, पण खलाटीतल्या वांग्याला चालेल आणि मिरचीला जपून चालेल. पाणी सरीतून किंवा ठिबकने द्या, तुषार संचाने नको, नाहीतर क्लोराइड थेट पानावर बसतं. फरसबी या पाण्यावर घेऊ नका, ती खारट पाण्याला फार नाजूक. वरकसावर आंब्याची कलमं असतील तर त्यांना विहिरीचं पाणी घालूच नका. तिथल्या जांभ्याच्या लाल मातीला बोअरच्या पाण्याचा त्रास खलाटीइतका होत नाही, कारण ती माती आंबट असते आणि तिचा चिकणकण सोडियमने सहसा असा सुटत नाही.

विहीर अगदीच खारट झाली आणि मिसळणं जमेना, तर जिप्समचा हिशेब करावा लागेल. आरएससी ४.५ वरून १.२५ वर आणायचा म्हणजे ३.२५ मिलिइक्विव्हॅलंट खाली. एका मिलिइक्विव्हॅलंटला लिटरमागे ८६ मिलिग्रॅम शुद्ध जिप्सम, म्हणजे १,००० लिटरला २८० ग्रॅम. १० गुंठ्यांना ४ सेंटिमीटरचं एक पाणी म्हणजे सुमारे ४०,००० लिटर, त्याला ११ किलो. बाजारातलं जिप्सम ७५ टक्के शुद्ध धरलं तर १५ किलो, तेही प्रत्येक पाण्याला. हंगामात २० पाणी दिली तर तीन क्विंटल. मिसळण्याने हा खर्च वाचतो, म्हणून मी आधी तेच सांगितलं. जिप्सम टाकायचंच झालं तर पाटात पोत्यातून झिरपू द्या किंवा मातीत मिसळा. ठिबकच्या टाकीत टाकू नका. बोअरच्या बायकार्बोनेटशी मिळून चुना धरेल आणि ड्रिपर बुजतील.

अहवालावर विश्वास ठेवण्याआधी एक पडताळणी करा. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम यांची मिलिइक्विव्हॅलंटमधली बेरीज विद्युत वाहकतेच्या साधारण दहापट यायला हवी. तुमच्या बोअरची बेरीज ९.१ आणि वाहकता ०.९, जुळतंय. विहिरीची २३.६ आणि २.४, तीही जुळते. पिण्याच्या पाण्याच्या तपासणीत कधी फक्त एकूण कठिणपणा आणि एकूण अल्कता दिलेली असते, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात. तेव्हा अल्कतेतून कठिणपणा वजा करून ५० ने भागलं की आरएससी हाती येतो. शेजाऱ्यांच्या बोअरचे जुने कागद असतील तर हे करून बघा.

पुढचा नमुना १५ एप्रिलच्या सुमारास घ्या, जेव्हा विहीर सगळ्यात मचूळ असेल. पंप १५-२० मिनिटं चालू ठेवून मग बाटली भरा, काठोकाठ, वर हवा राहू देऊ नका, आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. विहिरीचं क्लोराइड २५ मिलिइक्विव्हॅलंटच्या वर गेलेलं दिसलं तर मिश्रणात तिचा वाटा एक चतुर्थांश करा आणि आरएससी नव्याने मांडा. तो २.५ च्या वर गेला तर उरलेल्या फरकापुरतं जिप्सम.