एक्सॉरने १०४९ दाखवलं, आणि १०४९ निर्दोष होतं

«यादीतला एकटा नंबर शोधायला एक्सॉर लावलाय. `[18, 7, 25, 7, 18]` ला 25 बरोबर येतो. पण दुकानाच्या बिलांची यादी घातली की असा नंबर येतो जो यादीतच नाही. कोड दहादा बघितला. कुठे चुकतंय?»

कोड बहुधा ठीक आहे, घोळ यादीत आहे. मी तुमचा कोड पाहिलेला नाही, त्यामुळे शपथेवर सांगत नाही. पण हेच दुखणं मी एका चतुर्थीच्या आठवड्यात भोगलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

समान नंबर एकमेकांना खातात वगैरे तुम्हाला ठाऊक आहेच, ते सोडते. फक्त एक बघा, `print` चुकून लूपच्या आत तर राहिला नाही ना? तुमच्याच उदाहरणात तो आत असेल तर 18, 21, 12, 11, 25 असं दिसतं. मधले तीन यादीत नाहीत, आणि ते तसेच असायचे. शेवटचा आकडा तेवढा आपला. तसं नसेल तर पुढे वाचा.

तेव्हा मी मडगावला थंड पेयांच्या एका गोदामात नोंदी करायचे. गाडी निघाली की चलनाचा नंबर एकदा, आणि दुकानदाराच्या सहीची प्रत परत आली की तोच नंबर पुन्हा एकदा. म्हणजे पोचलेला माल दोनदा आणि न पोचलेला एकदा. मी नुकतीच पायथन शिकत होते, त्यामुळे हे बघून हात शिवशिवले.

```python
r = 0
for n in nums:
    r ^= n
print(r)
```

दोन आठवडे हा तुकडा झकास चालला. रोज एखादंच चलन राहायचं, ते नेमकं सापडायचं. मग चतुर्थी जवळ आली, बाजारात माटोळीच्या सामानाची गर्दी, गाड्या अडकलेल्या. त्या दिवशीची चलनं १०४० ते १०६९, एकूण तीस. संध्याकाळी प्रोग्रामने १०४९ दाखवलं. १०४९ वाळपईच्या गाडीचं. मी वर कळवलं, वरच्यांनी ड्रायव्हरला फोनवरच झापलं. बिचारा दुसऱ्या दिवशी सहीची प्रत शर्टाच्या खिशातून काढून टेबलावर ठेवून उभा राहिला. माझ्या स्वतःच्या नोंदीत १०४९ दोनदा होतं. मी बघितलंच नव्हतं.

खरं तर त्या दिवशी एक नव्हे, तीन प्रती आल्या नव्हत्या: १०४३, १०४६ आणि १०५२. त्या तिघांचा एक्सॉर असा होतो:

```
1043  10000010011
1046  10000010110
1052  10000011100
      -----------
1049  10000011001
```

प्रत्येक स्तंभातले एक मोजा. विषम असतील तर खाली एक, सम असतील तर शून्य. बाकी सगळ्या जोड्या आपापसात मिटल्या, उरलेल्या तिघांनी मिळून चौथ्याच एका नंबरचा चेहरा तयार केला.

सगळ्यात डावीकडचा स्तंभ बघा, तिथे १०२४ चा बिट आहे. त्या दिवसाच्या तीसही नंबरांत तो आहे. म्हणून एकटे राहिलेले नंबर विषम असतील (एक, तीन, पाच) तर तो टिकतो आणि उत्तर चलनासारखंच दिसतं. दोन राहिले तर तो मिटतो. फक्त १०४३ आणि १०४६ राहिले असते तर उत्तर ५ आलं असतं, आणि पाच नंबरचं चलन कुठलं म्हणून मी लगेच जागी झाले असते. दोनाचा घोळ आरडाओरडा करतो, तिनाचा घोळ साळसूदपणे बसतो. तुमच्याकडे यादीबाहेरचा नंबर येतोय, म्हणजे तुम्ही त्या मानाने सुदैवी.

बाकी सगळे दोनदाच असतील आणि यादीची लांबी सम असेल तर एकच नंबर एकटा असणं शक्यच नाही, हे `len(nums)` लावून आधी बघा. पण त्यावर विसंबू नका. माझी यादी ५७ ची होती, तीस अधिक सत्तावीस, विषम. ती परीक्षा मजेत पास झाली असती. उत्तर आल्यावर `nums.count(r)` बघणं जास्त कामाचं. माझ्याकडे तिथे २ आलं असतं, तुमच्याकडे ० येईल. तरी पाच नंबर एकटे असले तर क्वचित तेही फसतं: १०४३ आणि १०४६ चा एक्सॉर ५, १०४८ आणि १०५३ चाही ५. हे चारही राहिले तर एकमेकांना मिटवतात, आणि पाचवा जणू एकटाच हरवल्यासारखा समोर येतो.

दुसरी शक्यता, एखादं बिल तीनदा चढलंय. एक्सॉरला फक्त सम-विषम कळतं, तीन वेळा म्हणजे त्याच्या लेखी एकदाच. आमच्याकडे हे व्हायचं. यादी ज्या कार्यालयातून यायची ते दुरुस्ती केली की जुनी ओळ न पुसता नवी खाली चिकटवायचे. विचारलं की «आमच्याकडे बरोबर आहे», मूळ वही मागितली की साहेब जेवायला गेलेले. चार वाजतासुद्धा. असो.

माझं मत, पटलं तर घ्या: माणसांनी भरलेल्या यादीला एक्सॉर लावूच नये. «बाकी सगळे बरोबर दोनदा» अशी हमी कोणी देत असेल, परीक्षेत किंवा मुलाखतीत देतात, तिथे तो सुंदर आहे. एकच फेरी आणि एकाच आकड्याची जागा. पण दुकानाच्या बिलांना मेमरी वाचवून काय मिळवायचंय? हे लावा:

```python
from collections import Counter
print([(n, k) for n, k in Counter(nums).items() if k != 2])
```

एकदा, तीनदा, चारदा आलेले सगळे नावानिशी समोर येतात. चार वेळा आलेलं बिल एक्सॉरला कधीच दिसणार नाही, हेही लक्षात असू द्या.

एक्सॉरच हवा असेल आणि नेमके दोन एकटे आहेत अशी खात्री असेल, तर वाट आहे. १०४३ आणि १०४६ चं उत्तर ५, म्हणजे `101`. त्यातला सगळ्यात उजवा एक `r & -r` ने मिळतो, इथे तो १ आहे. त्या बिटवर दोघांत फरक आहे. मग यादीचे दोन ढीग करा, तो बिट असलेले आणि नसलेले. इथे ते सरळ विषम आणि सम नंबर झाले. जोड्या एकाच ढिगात पडतात, प्रत्येक ढिगाला वेगळा एक्सॉर लावला की एकात १०४३, दुसऱ्यात १०४६. तिघांना हे चालत नाही.

आणि बिल नंबर शून्याने सुरू होत असतील तर फाइल एक्सेलमधून आली का ते बघा. एका वहीचं `0412` आणि दुसऱ्या वहीचं `412` आकडा म्हणून एकच होतात, आणि न जुळणारी बिलं जुळल्यासारखी दिसतात.

त्या तीन प्रती नंतर दुसऱ्याच गाडीच्या डॅशबोर्डखाली मिळाल्या, पावसाने चिकटून एक झालेल्या. तुम्ही वरच्या `Counter` च्या दोन ओळी चालवून काय छापलं जातंय ते इथे टाका, मग बघू.