मैत्री थांबवायची आहे, भांडायचं नाही

"आमची मैत्री कॉलेजपासूनची. पण आता तिचा फोन वाजला की पोटात गोळा येतो. तासभर तिचंच रडगाणं, माझं कधी विचारणं नाही. हे थांबवायचंय, पण तिला दुखवायचंही नाही. भांडण न करता जमेल का?"

भांडण टाळता येईल. तिला वाईट वाटणं मात्र टाळता येणार नाही आणि तशी अट स्वतःवर घातलीत, तर हे कधीच होणार नाही. माझ्याकडे आलेल्या एका बाईंचा अनुभव सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्या कोथरूडला राहतात, नोकरी हिंजवडीत. संध्याकाळी बसमध्ये बसल्या की मैत्रिणीचा फोन यायचा, तो घराचं कुलूप उघडेपर्यंत चालायचा. घरात शिरताना त्या इतक्या रिकाम्या झालेल्या असत की मुलाने काही विचारलं तरी चिडत.

पहिला प्रश्न असा, की मैत्रीण सध्या अडचणीत आहे की ही तिची रीतच झाली आहे? घटस्फोट, आजारपण, नोकरी जाणं अशा काळात नातं काही महिने एकतर्फी होतंच, आणि मैत्रीत ते पेलायचं असतं. म्हणून त्यांना दोन आठवडे वहीत नोंद करायला सांगितली: फोन कोणी केला, किती वेळ चालला, माझ्याबद्दल काही विचारलं का, ठेवल्यावर कसं वाटलं. अकरा फोन झाले, त्यातले दहा तिचे. बाईंच्या वडिलांची अँजिओप्लास्टी त्याच काळात झाली. त्यांनी ते सांगितल्यावर ती म्हणाली, "हो का? काळजी घे. बरं ऐक ना, सासूबाईंनी काल..."

तरीही लगेच निर्णय घेऊ दिला नाही. आपल्याला काय हवंय हे समोरच्याला स्पष्ट सांगितलेलंच नसतं, असं मी फार वेळा पाहते. त्यांनी ते सांगितलं: "आज मला बोलायचंय. सल्ला नको, दहा मिनिटं नुसतं ऐक." दोनदा सांगून पाहिलं, दोन्ही वेळा काही मिनिटांत गाडी तिच्या घरावर गेली. मग त्या म्हणाल्या, आता ठरलं.

आधी त्या सबबी सांगत. "ऑफिसचं काम आहे" म्हटलं की ती म्हणे, "मग दहानंतर करते." सबबीवर तोडगा निघतो, म्हणून ती टिकत नाही. नुसतं फोन उचलणं बंद करणंही इथे योग्य नव्हतं. वरवरच्या ओळखी आपोआप विरतात, तिथे काही सांगावं लागत नाही. पण रोज बोलणाऱ्या माणसाशी अचानक बोलणं बंद केलं, तर ते कारण शोधत राहतं.

त्यांनी लिहिलेला पहिला मेसेज दीड पानी होता, जुन्या तक्रारींची यादीच. प्रत्येक तक्रारीवर वाद घालता येतो, म्हणून ती सगळी काढली. उरलं ते एवढं: "गेले काही महिने आपल्या बोलण्यानंतर मी फार थकून जाते. खूप विचार करून ठरवलंय, की इथून पुढे मी नियमित फोन-मेसेज करू शकणार नाही. आपले चांगले दिवस माझ्या लक्षात राहतील. तुझं भलं व्हावं असं मनापासून वाटतं." 'सध्या' हा शब्द त्यांना घालायचा होता. मी थांबवलं. खोटी आशा ठेवणं जास्त निर्दयी असतं.

पुढचा आठवडा सर्वांत कठीण होता. फोन वाढले, मग लांबलचक व्हॉइस मेसेज आले. हे होणार, याची कल्पना मी आधीच दिली होती. सातव्या फोनला उचललं, तर सात वेळा केला की उचलते, एवढंच ती शिकेल. त्यांनी एकदाच लिहिलं, "तुझं वाचलं. माझा निर्णय तोच आहे." कॉमन मैत्रिणीने मध्यस्थी करायला फोन केला, तेव्हा म्हणाल्या, "ते आमच्या दोघींतलं आहे. तुला बाजू घ्यायची गरज नाही." तिची गाऱ्हाणी त्यांनी कोणापाशीच केली नाहीत, आणि मला वाटतं, कटुता न वाढण्याचं मुख्य कारण तेच.

एक प्रसंग मात्र वेगळा. समोरची व्यक्ती जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलली, तर ते नाटक समजू नका. लगेच तिच्या घरच्यांना कळवा आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या. हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. तिला आधाराची गरज आहे, पण तो एकट्या तुम्हीच द्यायचा असं नाही.

तीन-चार आठवड्यांनी फोन थांबले. तेव्हा बाई मला म्हणाल्या, "बसमध्ये तिची आठवण येते. माझं चुकलं का?" आठवण येणारच, इतक्या वर्षांचं माणूस आहे ते. त्यासाठी निर्णय फिरवायची गरज नव्हती. पुढे एका लग्नात दोघी समोरासमोर आल्या. "कशी आहेस?" एवढं विचारून, मुलांबद्दल दोन वाक्यं बोलून त्या जेवायला दुसऱ्या पंगतीत बसल्या.