डायरीत लिहिलेली अनोळखी-ओळखीची धून कशी शोधायची?

प्रश्न: परदेशात शिकतोय. कालच्या डायरीतली नोंद: "किराणा घेताना दुकानात एक धून वाजली. शंभर टक्के ओळखीची, पण कुठली ते आठवेना." आता कशी शोधू?

उत्तर: धून अजून गुणगुणता येत असेल, तर दुसरं काही ऐकण्याआधी ती फोनवर रेकॉर्ड करा आणि नोंदीखाली तिचा चढउतार लिहून ठेवा. दुकान, वेळ वगैरे तपशीलही लिहून ठेवा, त्या वेळी काय वाजत होतं हे दुकानात विचारता येतं. डेनिस पार्सन्स यांनी १९७५ साली धुनांची सूची काढली ती चढउताराच्याच पद्धतीने: प्रत्येक स्वर आधीच्यापेक्षा वर, खाली की तोच, एवढंच पाहायचं. सा सा प प ध ध प असं असेल तर पहिला स्वर सोडून: तोच, वर, तोच, वर, तोच, खाली. स्वरज्ञान लागत नाही, पट्टी चुकली तरी बिघडत नाही. मात्र यात लय धरलेली नसते, त्यामुळे पाच-सहा स्वरांवर ढीगभर धुना जुळतात. दहा-पंधरा तरी लिहा.

ओळख पटणं आणि नाव आठवणं ही स्मरणाची दोन वेगळी कामं आहेत. दुकानात अनेकदा नुसतं वाद्यसंगीत वाजतं; शब्द नसले की नावाकडे नेणारा धागाच तुटतो. म्हणून धुनेवर "ला ला" न करता तोंडात येतील ते शब्द बसवून पाहा, अर्धवट ओळही पुरते. फक्त पहिलं सुचलेलं नाव लगेच खरं मानू नका, मूळ गाणं लावून चढउतार ताडून पाहा.