बाळ झाल्यावर त्याच बिल्डिंगमधल्या मोठ्या फ्लॅटमध्ये जायचंय, मालकाशी कसं बोलू?

"पुण्यात वन बीएचकेमध्ये भाड्याने राहतो. बाळ झालंय. वरच्या मजल्यावरचा टू बीएचके रिकामा होतोय, मालक तेच आहेत. आमच्या कराराचे पाच महिने शिल्लक आहेत. बदलून मिळेल का?"

मिळू शकेल, आणि लगेच विचारा. मी स्वतः फ्लॅट भाड्याने देते, म्हणून सांगते: फ्लॅट रिकामा पडून राहणं आणि एजंटची दलाली, या दोन गोष्टी मालकाला जड जातात. तुम्ही वर गेलात की टू बीएचकेला दलाली न देता ओळखीचं बिऱ्हाड मिळतं, पण वन बीएचके रिकामा होतो. म्हणून विचारतानाच सांगा, "काका, खालचा फ्लॅट बघायला लोक येतील तेव्हा आम्ही दाखवू." होकार मिळण्याची शक्यता बरीच वाढते.

त्याआधी टू बीएचके नक्की कोणाच्या नावावर आहे ते पाहा. भाडं काका घेत असले तरी फ्लॅट काकूंच्या किंवा आजींच्या नावावर असू शकतो. इंडेक्स टू, म्हणजे फ्लॅटच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा, किंवा सोसायटीचं मेंटेनन्स बिल दाखवायला सांगा. नाव वेगळं असेल तर करार त्यांच्याशीच करावा लागेल आणि डिपॉझिटही त्यांच्याच खात्यात जाईल.

नाव तेच असलं तरी जुन्या करारावर फ्लॅटचा नंबर खोडून चालत नाही. करार त्या एका फ्लॅटपुरता असतो. जुना दोघांच्या सहमतीने लेखी रद्द करा. त्यात लॉक-इन, म्हणजे ठरावीक काळ घर न सोडण्याची अट, लागू होणार नाही आणि नोटीसचं भाडं घेतलं जाणार नाही, ही वाक्यं हवीतच. मग नव्या फ्लॅटचा करार करून नोंदवा. महाराष्ट्रात नोंदणी सक्तीची आहे.

खर्च फार नाही. समजा भाडं २६,०००, डिपॉझिट ८०,००० आणि मुदत ११ महिने. एकूण भाडं २,८६,००० आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे साधारण साडेसातशे रुपये. शहरात नोंदणी फी १,००० रुपये, वर एजंटची फी.

खरा वाद होतो तो डिपॉझिटवरून. जुने ५०,००० असतील तर "जुन्या फ्लॅटचे ५०,००० इकडे वर्ग, आज ३०,००० मिळाले" असं नव्या करारात स्पष्ट लिहून घ्या. पण वर्ग करण्याआधी जुन्या फ्लॅटची पाहणी दोघांनी मिळून करा आणि रंगाचे किंवा दुरुस्तीचे पैसे कापायचे असतील तर तिथेच ठरवा. नाहीतर पुढे टू बीएचके सोडताना वन बीएचकेच्या भिंतीचे पैसे कापले जातात.

तीन-चार दिवस दोन्ही किल्ल्या मागून घ्या. तान्ह्या बाळासोबत एका दिवसात सामान हलवणं कठीण जातं. जुनं भाडं कोणत्या तारखेला थांबतं आणि नवं कधी सुरू होतं हे मेसेजवर का होईना, लेखी ठेवा. किल्ली देताना आणि घेताना दोन्ही वीज मीटरचे फोटो काढा, नाहीतर मधल्या बिलाचा घोळ होतो.